फोटोत कान नव्हते

आम्ही जे प्राणी बनवतो ते धड कुणाचेच नसतात. टीव्हीवरचं गाजलेलं कार्टून जसंच्या तसं शिवलं तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस येते, आणि त्याच्यासारखं काहीच नसलं तर गिऱ्हाईक येत नाही. मग गाल एकाचे, पोट दुसऱ्याचं, नाक तिसऱ्याचं असं जमवून आम्ही काहीतरी पिवळं, गुबगुबीत उभं करतो. वाढदिवसाला पोरं त्याला पाहून भांडतात. एक म्हणतो अस्वल, दुसरा म्हणतो वाघ, तिसरी त्याच्या पोटाला मिठी मारून मोकळी होते. मी आजवर या भांडणांवर हसतच आले होते.

तुर्भ्याला एमआयडीसीत माझा गाळा आहे. बाहेर दिवसभर ट्रक घरघरत असतात, आत मालतीबाई मशिनवर. त्या बोनकोड्याच्या, गावातल्या जुन्या घरातल्या. शिवणं, धुणं, वाळवणं सगळं त्यांच्याकडे. कपडे बेतणं, चेहरे काढणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं माझ्याकडे. त्यातलं शेवटचं मला उत्तम येतं. मालतीबाईंचा मुलगा कल्पेश आमच्याकडेच अस्वल होतो. केयूर कुत्रा होतो आणि जाई सिंहाचा छावा. तिन्ही पोशाख एकाच पिवळ्या केसाळ कापडाचे, एकाच मापाचे. फरक जवळजवळ सगळा मानेच्या वर. अस्वलाचे कान गोल आणि वर, कुत्र्याचे लोंबते, छाव्याला आयाळ.

मे महिन्यातला रविवार होता. तिघंही बाहेर गेले होते. कल्पेश कोपरखैरण्याला एका सोसायटीच्या मुलांच्या मेळाव्यात, केयूर खारघरला नव्या फ्लॅटच्या जाहिरातीसाठी एका बिल्डरच्या ऑफिसबाहेर, जाई नेरुळला बारशात. दुपार टळायला आली होती. मी डबा उघडून बसले होते तेवढ्यात माझ्या नणंदेचा, रुतिकाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खाली हसणारे चेहरे आणि एक ओळ, ‘पाहुणे जेवून आडवे झाले.’ त्याच्याखाली रुतिकानं लिहिलं होतं, ‘वहिनी, तुमचंच का गं हे ध्यान?’

मला आधी हसूच आलं. कुठल्यातरी भिंतीशी, आग विझवायच्या पाईपच्या आणि वाळूच्या लाल बादल्यांच्या मध्ये, पिवळं धूड भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलं होतं. मग माझा घास तोंडातच राहिला.

त्यानं डोकं घातलेलं होतं.

आमच्या धंद्यातला माणूस दमला की पहिलं काय करतो, तर डोकं काढतो. आत भट्टी असते. वीस मिनिटं नाचायचं, मग खोलीत जाऊन दार लावायचं, डोकं काढायचं, पंख्याखाली बसायचं आणि पाणी प्यायचं. पोरांसमोर मात्र डोकं काढायचं नाही, हा तेवढाच पक्का नियम. पण इथं आसपास एकही पोर दिसत नव्हतं. डोकं घालून सावलीत कुणी झोपत नाही. डोकं घालून जो पडलाय त्याला ते काढता आलेलं नाही.

“मालतीबाई, मशिन बंद करा,” मी म्हणाले. 

त्या चष्मा कपाळावर सरकवत आल्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. पोटच्या पोराची गोष्ट असली की आईला उलगडून सांगावं लागत नाही. त्यांनी फोटो पाहिला आणि त्या बाजूच्या कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या.

“कोन हाय त्यो?” त्यांनी विचारलं.

मी रुतिकाला फोन लावला. तिला फोटो तिच्या योगाच्या ग्रुपवरून आला होता, तिथं कुणाच्या तरी बहिणीकडून. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी पट्टी होती. कुठला, किती वाजताचा, कुणालाच माहीत नव्हतं. “अगं हसायला पाठवलाय वहिनी, एवढं काय,” ती म्हणाली. मी काहीतरी वाईट बोलून फोन ठेवला. नंतर तिची माफी मागायची राहिलीच आहे.

मग तिघांचे फोन. जाईचा लागला, ती बारशातून निघून रिक्षात बसली होती. केयूरचा वाजत राहिला. कल्पेशचाही वाजत राहिला. त्यात नवल नव्हतं. हातात पंजे घातले की फोन धरता येत नाही, म्हणून तो पिशवीत टाकून ठेवायचा असतो. बिल्डरच्या ऑफिसचा नंबर कुणी उचलत नव्हतं. मागच्या खेपेला फोनवरच त्यांचा स्पीकर एवढा दणदणत होता की मी कान दूर धरला होता.

“तू बनवलंस ना सगला,” मालतीबाई म्हणाल्या. “तुला नाय वलखू येत? बघ ना नीट.”

मी नीटच बघत होते. फोटो बोटांनी मोठा केला तेव्हा त्याचे चौकोन चौकोन झाले. वरची कड अशी कापली गेली होती की डोक्याचा अर्धा गोल होता आणि कान नव्हते. गोल असते तर वर राहिले असते, लोंबते असते तर एक खाली दिसायला हवा होता. पण खालचा गाल जमिनीला आणि वरची बाजू फोटोबाहेर. शेपूट अंगाखाली. मानेपाशी आयाळीचा एक केस नव्हता, म्हणजे छावा नाही एवढं नक्की. पायाचा तळवा आमच्याकडे होता. तो काळा दिसत होता. कुत्र्याचे तळवे काळे आहेत, अस्वलाचे तपकिरी. पण सावलीतला तपकिरी रबर, त्यात दहा हातांतून गेलेला फोटो! मी फोन उजेडात नेला, सावलीत नेला, तिरका धरला. वर आणि हेही होतं की तो आमचा नसूही शकतो. हे कापड काही मी एकटी वापरत नाही, आणि अशा पिवळ्या पोटांची मुंबईत कमी नाही.

तेवढ्यात मितेश आत आला. आमचा टेम्पो तो चालवतो. जाईला आणायला निघू का, हे विचारायला आला होता. त्यानंही फोटो पाहिला आणि तो लगेच म्हणाला, “कुठे जाऊ ते बोला, बस. गाडी चालू आहे.”

कोपरखैरणं एका बाजूला, खारघर बरोबर उलट्या बाजूला. टेम्पो एक.

“कुत्रा वाटतोय,” मी म्हणाले. “तळव्यावरून. रुपयात दहा आणे कुत्रा.”

“म्हंजे केयूर,” मालतीबाई म्हणाल्या.

“मी वाटतोय म्हणाले. आहे म्हणाले नाही.”

पण त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांचे खांदे माझ्या डोळ्यांदेखत खाली आले. त्यांनी भिंतीवरच्या एकवीरा आईच्या तसबिरीला हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मितेश पण सुटल्यासारखा वळला. “खारघर तर खारघर. फायनल ना?”

खरं सांगते, त्या क्षणी मलाही हो म्हणावंसं वाटलं. सगळ्यांना एक नाव हवं होतं. एक नाव मिळालं की पाय हलतात, डोकं थांबतं. मालकीण म्हणून माझ्याकडे बघत होते दोघं, आणि ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारी मालकीण म्हणजे बिनकामाची. पण मला माहीत नव्हतं! माझ्याच हातानं कापलेलं कापड, माझ्याच साच्यातलं डोकं, आणि मला सांगता येत नव्हतं की आत कोण आहे. उरलेल्या सहा आण्यांत कल्पेश होता. त्याला मी रुपयातून कापून कुठे टाकणार होते?

“फायनल नाही,” मी ओरडलेच. “मितेश, तू खारघरला जा. जाताना ऑफिसला फोन लावत राहा. केयूर नाचताना दिसला तरी आधी त्याचं डोकं काढ आणि मला कळव. कोपरखैरण्याचं मी बघते.”

मितेश गेला. मालतीबाई म्हणाल्या, “अगो, पन कुत्रा बोललीस ना तू?”

“मालतीबाई, अस्वलही असू शकतो.”

“मंग कशाला बोललीस? एकदा हो म्हन, नाय तर नाय म्हन. असा मधे नको टांगू मला.” त्या रडत नव्हत्या. त्या माझ्यावर चिडल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या.

मी कोपरखैरण्याच्या मेळाव्याचे आयोजक, नंदकुमार, यांना फोन लावला. सोसायटीचे सेक्रेटरी. मागे मुलांचा गलका, माईकवर कुणीतरी संगीत खुर्चीचे नियम सांगत होतं.

“नमस्कार, मी तुर्भ्याहून अमिता. आमचा अस्वलाचा पोशाख घातलेला मुलगा तुमच्याकडे आलाय. तो आत्ता कुठे आहे?”

“अस्वल?” ते म्हणाले. “मॅडम, तुमचा नंबर चुकला. आमच्याकडे वाघ आलाय.”

 मी मनात म्हटलं, बाई गं, हे तुझंच कर्तृत्व! दहा जणांना दहा प्राणी दिसावेत म्हणून तूच तर त्याला असा केलास.

“वाघ म्हणा, अस्वल म्हणा, कुत्रा म्हणा. पिवळं केसाळ अंग, गुबगुबीत पोट. तो कुठे आहे?”

“असेल इथेच. मगाशी नाचत होता. आता ब्रेक घेतला असेल.”

“त्याला खोली कुठली दिलीत?”

 “खोली क्लबहाऊसची होती. पण चावी भोसल्यांकडे आहे आणि ते जेवायला घरी गेलेत. का, काय झालं?”

मी सांगितलं. फोटो, भिंत, पाईप, लाल बादल्या. आणि जे खरं होतं तेही सांगितलं, की फोटो कुठला आहे ते मला ठाऊक नाही, त्यातला माणूस तुमच्याकडचा असेल असं मी खात्रीनं म्हणू शकत नाही, उलट तो दुसरीकडचा असण्याची शक्यता थोडी जास्त आहे.

“अहो मग आधी तिकडे बघा ना!” ते वैतागले. “नक्की काय ते करा आणि मग फोन करा. माझ्याकडे इथे साठ मुलं आहेत.”

“तिकडे माणूस गेलाय. मला नक्की करता येत नाही, काका. म्हणूनच तुम्हाला फोन केला. चुकले तर तुम्ही मला चार शिव्या घाला, मी ऐकून घेईन. पण तुमच्या इमारतीत जिथे जिथे अशा बादल्या टांगल्यात तिथे आत्ता माणसं पाठवा. फोन ठेवू नका. मी धरून आहे.”

ते काहीतरी पुटपुटले. मग माईकवरचा आवाज दूर दूर जाऊ लागला, म्हणजे ते चालायला लागले होते. त्यांनी वाटेत वॉचमनला हाक मारली. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मालतीबाई समोर उभ्या होत्या, दोन्ही हातांनी मशिनची कड धरून. फोनमधून चपलांचा आवाज येत होता. एक लोखंडी दार उघडलं. “इथे नाही,” असं नंदकुमार म्हणाले. पुन्हा चपला. “पंपाच्या खोलीच्या मागं बघितलं का रे?” ते कुणालातरी म्हणाले.

मग ते जे ओरडले ते शब्द नव्हते.

“आहे,” ते म्हणाले. “मॅडम, आहे. इथे पडलाय. हलत नाहीये.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं. सोसायटी कळली होती, माणूस कळला होता. तरीही तोंडातून निघून गेलं, “कान कसे आहेत? गोल की लोंबते?”

“गोल,” ते म्हणाले.

मालतीबाई खाली बसल्या नाहीत की किंचाळल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. घरातली सगळी माणसं उठून गेल्यावर घर दिसतं तसा.

“डोकं निघत नाहीये!” फोनमधून आवाज आला.

“ओढू नका. मानेच्या मागे केसाळ पट्टी आहे, ती वर करा. खाली बक्कल आहे. दोन्ही बाजूंनी दाबा.” माझे हात हवेतच ते बक्कल दाबत होते. “निघालं? आता पाठीवरची चेन, खालपर्यंत. सगळं अंगावरून काढा. श्वास आहे का बघा.”

“आहे. अंग चटके देतंय हो. डोळे अर्धे उघडेत, पण ओळख नाही.”

“तोंडात पाणी घालू नका. अंगावर ओता, भरपूर, आणि वारा घाला. सरबताचा बर्फ असेल ना? मानेला, काखेत, जांघेत लावा. कुणाला तरी एकशे आठला फोन करायला सांगा. थांबू नका, ओतत राहा.”

ते ओतत राहिले. मला पाण्याचा आवाज येत होता. त्यांचाही श्वास फुलला होता आणि ते मधूनमधून म्हणत होते, “उठ रे बाळा, उठ.” मगाशी माझ्यावर वैतागलेला हा माणूस आता रडत होता.

आम्ही रिक्षात बसलो तेव्हा मितेशचा फोन आला. केयूर ठीक होता. ऑफिसच्या आत एसीत, डोकं मांडीवर घेऊन थंड पाणी पीत बसला होता. “मॅडम, टेन्शन नाही, कुत्रा एकदम ओके,” मितेश आनंदानं म्हणाला. मी त्याला काय झालंय ते सांगितलं. 

वाशीच्या हॉस्पिटलात कल्पेशला आत घेतलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, उष्माघात आहे, ताप खाली येतोय, हाका मारल्यावर हात हलवतोय. अजून थोडा वेळ कुणी पाहिलं नसतं तर मी तुमच्याशी असं बोलत नसते, असंही म्हणाल्या. नंदकुमार बाकावर ओल्या सदऱ्यानं बसले होते. ज्या मुलीनं तो फोटो काढला ती त्यांच्याच सोसायटीतली, अकरावीतली, हे त्यांना कळलं होतं. तिला खरंच वाटलं होतं की तो गंमत करतोय. “माझ्याही मोबाईलवर आला होता तो,” ते म्हणाले. “मी हसलो होतो. पुढे पाठवला मी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पहिल्यांदा तर मीही हसलेच होते.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास मितेश केयूरला घेऊन आला. केयूर तसाच आला होता. अंगात बनियन, खाली पिवळी केसाळ विजार. सगळे वळून वळून बघत होते. तो थेट मालतीबाईंपाशी गेला, खाली बसला, त्यांचा हात धरला.

“मावशी, काही होणार नाही त्याला.”

मालतीबाईंनी हात काढून घेतला.

मला वाटलं, त्यांना त्या विजारीकडे बघवत नसेल. मी केयूरला खूण केली, जा, बदलून ये. पण त्या बोलायला लागल्या. बारीक आवाजात, केयूरकडे न बघता, समोरच्या दाराकडे बघत.

“हिनं कुत्रा बोलला ना, तवा मी आईला हात जोरले. तुला म्हाईत हाय मी काय बोलले?”

“मावशी, राहू दे.”

“मी बोलले, आई, कुत्राच असू दे. तुजं उपकार, कुत्राच असू दे.” त्यांनी आता त्याच्याकडे पाहिलं. “तू माज्या हातचं जेवतंस. माज्या घरात झोपतंस. आनि मी तुला मागितला.”

मी भिंतीला टेकले. हे मला तिथं, त्या तसबिरीसमोरच, कळायला हवं होतं. त्यांचे खांदे खाली आले तेव्हा मला फक्त त्यांच्यासाठी बरं वाटलं होतं. त्या केयूरसाठी काय मागतायत, हा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. माझ्या दहा आण्यांनी त्यांना ते मागायला लावलं होतं, आणि सहा आण्यांनी त्यांचं पोर परत दिलं होतं.

केयूर पांढरा पडला होता. नंदकुमार उठून खिडकीपाशी गेले. तो जमिनीकडे बघत होता आणि मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि पुन्हा आमच्याकडे येणार नाही.

“मितेशनं मला टेम्पोत सांगितलं,” तो म्हणाला, “की तो कल्पेश आहे म्हणून. मावशी, आधी मला बरं वाटलं. मी नाही म्हणून.” त्यानं तळहातानं डोळे पुसले. “मग दोन सेकंदांनी रडू आलं. पण आधी बरं वाटलं.”

आत नर्सनं दार उघडलं आणि विचारलं, कल्पेशचं कोण आहे, तो डोळे उघडून बघतोय, एकालाच आत येता येईल.

मालतीबाई उठल्या. दारापाशी जाऊन थांबल्या. मग मागे वळून त्यांनी केयूरला दंडाला धरून उभं केलं आणि पुढे ढकललं.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “आधी तू जा. मला आजून त्याला तोंड दावता येत नाय.”